अलार्म वाजत असताना सिस्टर बटण दाबून का गेल्या?

"माझे बाबा ६४ वर्षांचे. न्यूमोनिया झाल्यामुळे पाच दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. आत एकालाच सोडतात, तेही दहा मिनिटं. मी जाते आणि बाहेर येऊन आई, काका, आत्या यांना सांगते. काल डॉक्टर म्हणाले, झोपेचं औषध कमी करतोय. मी आत असतानाच बाबा एकदम अस्वस्थ झाले, खोकायला लागले, हात ओढू लागले. हात पट्ट्यांनी बांधलेले होते. डोळ्यांतून पाणी आलं. दोन यंत्रं एकदम वाजायला लागली, ऑक्सिजन ८४ दिसत होता. सिस्टर आल्या, बटण दाबून आवाज बंद केला, तोंडात एक बारीक नळी घातली आणि थोड्या वेळाने निघून गेल्या. संध्याकाळी कळलं की औषध परत वाढवलं. आई म्हणते, त्यांना खूप दुखतंय. आत्या म्हणते, आत काही राहिलं नाही, नुसतं मशीन चालू आहे. मी बाहेर येऊन काय सांगू?"
– एक मुलगी

सगळं ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगते. तुम्हाला ते खोकला, हात ओढणं, दोन अलार्म, ८४ असं वेगवेगळं दिसलं असेल, पण तो सगळा एकच प्रसंग होता. मी २२ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे आणि हा प्रसंग एकेका पाळीत तीन-चारदा बघते. आम्हाला तो इतका सवयीचा झालाय की शेजारी उभ्या असलेल्या मुलीला दोन वाक्यांत समजावून सांगायचं राहून जातं. हे आमचं चुकतं. तुमच्या बाबांच्या सिस्टरनी त्या वेळी बोलायला हवं होतं. त्यांनी केलं ते मात्र, तुमच्या वर्णनावरून, बरोबर वाटतं.

बाबांच्या तोंडातून आत गेलेली नळी आवाजाच्या दोन पडद्यांच्या मधून श्वासनलिकेत उतरते. तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो आतून फुगवला की कडेची फट बंद होते आणि यंत्राने दिलेली हवा बाहेर न निसटता फुफ्फुसात जाते. त्यामुळेच पेशंटला बोलता येत नाही, कारण हवा आवाजाच्या पडद्यांवरून जातच नाही. आता आठवा, पाणी पिताना एक थेंब चुकीच्या वाटेला गेला तर कसा ठसका लागतो. बाबांच्या त्याच वाटेत पाच दिवस नळी बसलेली आहे. झोपेचं औषध पुरेसं असतं तोवर शरीर ती सोसतं. औषध उतरू लागलं की सगळ्यात आधी ती नळी जाणवते आणि ठसका लागतो. न्यूमोनियात फुफ्फुसातून कफही भरपूर सुटतो. तो नळीत आला की ठसका आणखी वाढतो.

पहिला अलार्म वाजला तो बहुधा इथेच, आणि तो व्हेंटिलेटरचा असणार. यंत्र हवा आत ढकलत असतं आणि खोकताना माणूस जोरात बाहेर फेकत असतो. दोघांची टक्कर होते, नळीतला दाब चढतो. दाबाची एक वरची मर्यादा आम्ही यंत्रात लावून ठेवलेली असते. ती ओलांडली की यंत्र तो श्वास तिथेच अर्धा सोडून देतं आणि ओरडतं. अर्धा सोडतं ते फुफ्फुसाला इजा होऊ नये म्हणून. म्हणजे तो आवाज यंत्र बिघडल्याचा नसतो. "मी ढकलतोय, पण समोरून अडवलं जातंय, कोणीतरी बघा," एवढंच ते सांगत असतं. अडवणारा खोकला असू शकतो, कफ असू शकतो, पेशंटने नळी दातांनी चावलेली असू शकते, नळीला पीळ पडलेला असू शकतो. कारण कोणतं हे यंत्राला कळत नाही. ते बघायला माणूसच लागतो.

दुसरा अलार्म मॉनिटरचा. मॉनिटर आणि व्हेंटिलेटर ही अगदी वेगळी यंत्रं आहेत, आणि हे तुम्ही बाहेर सगळ्यांना सांगाच. व्हेंटिलेटर काम करतो. मॉनिटर नुसता बघतो आणि सांगतो. तो पेशंटला काहीही देत नाही. बाबांच्या बोटाला लावलेला चिमटा बोटातून प्रकाश सोडतो आणि दर ठोक्याला येणाऱ्या रक्तावरून ऑक्सिजनचं प्रमाण काढतो. हात हलला, ओढला गेला, बोट गार पडलं किंवा त्याच हाताला बीपीचा पट्टा आवळला गेला, तर त्या चिमट्याला नाडी नीट सापडत नाही आणि तो चुकीचा आकडा दाखवतो.

मग ८४ खरे होते की खोटे? त्या आकड्याच्या शेजारी किंवा खाली एक लाट सरकत असते. आम्ही आधी ती लाट बघतो, मग आकडा. प्रत्येक ठोक्याला सारखी, गोलसर, एका लयीत लाट येत असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचा. लाट वेडीवाकडी, तुटक, मधेच सपाट असेल तर तो आकडा हाताच्या हालचालीचा आहे, रक्ताचा नाही. बाबांच्या बाबतीत बहुधा दोन्ही थोडं थोडं असेल. हात हलल्यामुळे आकडा बिघडला असेल, आणि खोकल्यात दोन-चार श्वास अर्धे सुटल्यामुळे ऑक्सिजन खरोखरही थोडा उतरला असेल. कफ ओढल्यावर तो वर येतो, पण लगेच नाही. चिमटा मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतो, शिवाय फुफ्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायलाही वेळ लागतो. त्यामुळे पेशंट शांत झाल्यावरही अर्धा-पाऊण मिनिट आकडा खालीच दिसतो. नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो तो नेमका याच अर्ध्या मिनिटात.

सिस्टरनी बटण दाबलं त्याबद्दल. त्या बटणाने फक्त आवाज थांबतो, तोही साधारण दोन मिनिटं. अलार्म आत चालूच राहतो, दिवा लुकलुकत राहतो, आणि कारण दूर झालं नाही तर आवाज आपोआप परत सुरू होतो. आवाज बंद करायचं कारण साधं आहे. अलार्म हा सिस्टरला बोलावण्यासाठी असतो, आणि सिस्टर तर आल्या होत्या. त्या आवाजात पेशंटच्या छातीतली घरघर ऐकू येत नाही, पेशंट आणखी बिथरतो, आणि शेजारच्या खाटेचा खरा अलार्म त्यात बुडून जातो. आयसीयूत वाजणाऱ्या बहुतांश अलार्मना काही उपचार करावा लागत नाही. तरीही प्रत्येक वेळी कोणीतरी मान वर करून बघावं लागतं, कारण त्यातला खरा कोणता हे आधी कळत नाही.

बटण दाबता दाबता त्यांनी आणखी काही केलं असणार, जे तुमच्या लक्षात आलं नसेल. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का, ओठांचा रंग कसा आहे, नळीवर छापलेला सेंटिमीटरचा आकडा ओठाजवळ सकाळइतकाच आहे का (तो बदलला तर नळी सरकली असं समजतो), हे सगळं आम्ही दोन-तीन सेकंदांत बघून घेतो. मग ती बारीक नळी. ती मोठ्या नळीच्या आतून खाली जाते आणि कफ ओढून घेते. याला आम्ही सक्शन म्हणतो. त्याआधी यंत्रावरचं एक बटण दाबून थोडा वेळ १०० टक्के ऑक्सिजन देतात आणि बारीक नळी एका खेपेला १५ सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवत नाहीत. बघायला हे फार वाईट दिसतं. पेशंटचा चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं, सगळं अंग उचललं जातं. पण त्यानंतरचा श्वास मोकळा असतो. पुढच्या वेळी सक्शन चालू असेल तर हवं तर तोंड फिरवा, आणि ते झाल्यावर मिनिटभराने चेहरा बघा.

आता झोपेच्या औषधाचं. एवढा त्रास होतो तर कमी कशाला करायचं, असं आईच्या मनात येणं अगदी बरोबर आहे. पूर्वी आम्हीही पेशंटला दिवसेंदिवस गाढ झोपवून ठेवायचो आणि त्यालाच चांगली काळजी समजायचो. २००० सालाच्या आसपास यावर नीट अभ्यास झाले. रोज एकदा औषध थांबवून पेशंटला जागं होऊ दिलं, तर तो व्हेंटिलेटरवरून लवकर सुटतो, असं दिसलं. गाढ झोपेत श्वासाचे स्नायू निकामी बसून राहतात आणि भराभर अशक्त होतात. औषध शरीरात साठत जातं, विशेषतः वय जास्त असेल किंवा किडनी मंद चालत असेल तर. मेंदू कसा आहे हेही कळत नाही, कारण झोपलेल्या माणसाला विचारणार काय? म्हणून आता जितकं लागेल तितकंच देतात. पेशंट शांत असावा आणि हाक मारली की डोळे उघडून बघावा, अशी पातळी धरायचा प्रयत्न असतो. त्यासाठी आमच्याकडे एक मोजपट्टी असते. शून्य म्हणजे जागा आणि शांत, वजा पाच म्हणजे कशालाच प्रतिसाद नाही, अधिक चार म्हणजे आवरेनासा. दिवसातून कितीतरी वेळा आम्ही तो आकडा चार्टवर लिहितो. तुम्ही तो विचारू शकता. "आज बाबांचा स्कोअर किती आहे, आणि किती ठेवायचाय?" असा प्रश्न आला की आम्हाला राग येत नाही. उलट समजून घेणारा माणूस भेटला असं वाटतं.

काल ते औषध उतरताना बाबा शांतपणे जागे झाले नाहीत, घाबरून जागे झाले. हे फार जणांचं होतं. तोंडात नळी, हात बांधलेले, डोळ्यांवर दिवा, आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही. त्यात ताप आणि उतरणारं औषध यांनी मेंदू गोंधळलेला. काही जणांना भिंतीवर माणसं दिसतात, काहींना वाटतं आपल्याला कोंडून ठेवलंय. अशा अवस्थेत खोकत, यंत्राशी झगडत राहिलं तर ऑक्सिजन जास्त खर्च होतो आणि फुफ्फुसावर ताण येतो. म्हणून संध्याकाळी औषध परत थोडं वाढवलं असेल. याचा अर्थ "प्रयत्न फसला" असा घेऊ नका. काल कळलं ते एवढंच की कालचा दिवस त्यासाठीचा नव्हता. आज परत बघतील. कदाचित औषध बदलतील, कदाचित एकदम थांबवण्याऐवजी पायरी पायरीने उतरवतील. डॉक्टरांना विचारायचं असेल तर हे विचारा: "काल कशामुळे थांबलो, नुसत्या अस्वस्थपणामुळे की श्वास कमी पडला म्हणून?" ही दोन्ही उत्तरं अगदी वेगळी असतात. अस्वस्थपणा असेल तर औषधांची जुळणी करावी लागते. श्वास कमी पडला असेल तर फुफ्फुसाला अजून वेळ हवाय.

आणि दुखण्याचं. झोपेचं औषध आणि दुखण्याचं औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोप आणणाऱ्या बऱ्याच औषधांनी दुखणं थांबत नाही. म्हणून नळी असलेल्या पेशंटला सहसा दुखण्याचं औषध वेगळं देतात, पुष्कळदा फेंटानिल, खाटेशेजारच्या पंपातून मिलिमीटरने सरकणाऱ्या सिरिंजमधून. पेशंट बोलत नाही म्हणून आम्ही त्याचा चेहरा वाचतो. कपाळ आवळलं आहे का, हात ताठ झालेत का, यंत्राच्या श्वासाशी झगडतोय का, हे बघून आकडा देतो आणि औषध कमी-जास्त होतं. आईला सांगा की नळीचा त्रास होतो, हे खरं आहे. घशात बोचतं, सक्शनला जीव कासावीस होतो. "काहीच कळत नाही त्यांना" असं सांगून तिची खोटी समजूत घालू नका. तिला हे सांगा की त्रास होतो, म्हणूनच त्यासाठी वेगळं औषध चालू असतं. आणि तुम्ही आत गेल्यावर एकदा विचारून घ्या: "दुखण्याचं कोणतं चालू आहे?"

हातांच्या पट्ट्या बघून मुलांना सगळ्यात जास्त लागतं. घाबरून जागा होणारा माणूस पहिला हात नळीला घालतो. फुगा फुगलेला असतानाच नळी उपसली गेली तर घशाला इजा होते आणि पुढच्या काही मिनिटांत श्वास सांभाळणं कठीण होऊन बसतं. हे मी स्वतः बघितलंय आणि परत बघायची इच्छा नाही. पण पट्ट्या कायमच्या नसतात. पेशंट शांत असेल, सांगितलेलं ऐकत असेल आणि कोणी शेजारी असेल, तर त्या सोडता येतात. पुष्कळ सिस्टर भेटीच्या वेळी एक हात सोडून देतात, फक्त हात तुम्ही धरायचा. विचारून बघा, आणि हो म्हटलं तर तुम्ही बाहेर निघेपर्यंत तो हात सोडू नका.

आत्यांचं म्हणणं मात्र तुम्ही सोडून देऊ नका. बाहेरच्या बाकांवर ते फार फिरतं आणि घर फोडतं. त्यांना तुमच्या पत्रातलीच एक गोष्ट सांगा. बाबा खोकले. नळीतून छेडल्यावर येणारा खोकला मेंदूच्या अगदी बुडाशी असलेल्या भागातून येतो. मेंदू पूर्ण थांबलाय का हे जेव्हा डॉक्टरांना ठरवायचं असतं, तेव्हा ज्या ठरावीक तपासण्या करतात, त्यांतली एक हीच: श्वासनलिकेत बारीक नळी घालून खोकला येतो का ते बघणं. खोकला आला तर पुढचं काही तपासायचं कारणच उरत नाही. ज्या खोकल्याने तुम्ही घाबरलात, आत्यांच्या शंकेचं उत्तर त्याच खोकल्यात आहे.

शिवाय व्हेंटिलेटर हृदय चालवत नाही. तो फक्त हवा देतो. मॉनिटरवर सरकणारे ठोके बाबांच्या स्वतःच्या हृदयाचे आहेत आणि चिमट्याची लाट त्यांच्या स्वतःच्या नाडीची. हृदय थांबलं तर व्हेंटिलेटर हवा ढकलत राहील, पण ती लाट सपाट होईल. आणखी एक बघण्यासारखं आहे. सिस्टरला मोकळा वेळ असेल तेव्हा व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचे दोन आकडे दाखवायला सांगा: मिनिटाला किती श्वास लावून दिलेत, आणि प्रत्यक्षात किती होतायत. समजा लावलेत १६ आणि होतायत २२. तर वरचे सहा बाबा स्वतः घेतायत आणि यंत्र त्यांच्या मागोमाग हात देतंय. दोन्ही आकडे सारखे असतील तरी घाबरू नका. औषध गाढ असताना स्वतःचे श्वास थांबतात, तसंच अपेक्षित असतं.

आता तुमच्या रोजच्या कामाचं: बाहेर येऊन काय सांगायचं. माझ्या मते तुम्ही चुकीचा आकडा बाहेर नेताय. सगळ्यांचे डोळे चिमट्याच्या त्या मोठ्या SpO2 आकड्यावर असतात, ८४ झाले, ९३ झाले. पण तो आकडा आम्ही धरून ठेवलेला असतो. तो उतरला की आम्ही ऑक्सिजन वाढवतो आणि तो परत वर येतो. फुफ्फुस सुधारतंय का हे त्याच्यावरून कळत नाही. तो आकडा मिळवायला यंत्राला किती द्यावं लागतंय, यावरून कळतं. व्हेंटिलेटरवर हा दिलेल्या ऑक्सिजनचा आकडा FiO2 असा लिहिलेला असतो. आपण सगळे घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रावर तो २१ पासून १०० पर्यंत करता येतो.

मागे एका पेशंटचा मुलगा छोट्या वहीत रोजचे आकडे लिहून ठेवायचा. पहिल्या दिवशी ऑक्सिजन ८० टक्के लावलेला आणि चिमट्यावर ९०. तिसऱ्या दिवशी ६० टक्के, चिमट्यावर ९३. पाचव्या दिवशी ४५ टक्के आणि चिमट्यावर ९२. त्या दिवशी तो रडवेला होऊन माझ्याकडे आला, "सिस्टर, ९३ चे ९२ झाले." मी त्याच्याच वहीतली दुसरी ओळ बोटाने दाखवली. ८०, ६०, ४५. वडिलांचं फुफ्फुस जवळजवळ निम्म्या मदतीत तेवढंच काम करायला लागलं होतं. सहाव्या दिवशी ४० वर आल्यावर आम्ही औषध उतरवून परीक्षा घेतली. यंत्राची मदत अगदी थोडी ठेवायची आणि पेशंटला अर्धा तास स्वतःच्या जोरावर श्वास घेऊ द्यायचा, अशी ती परीक्षा असते. बाराव्या मिनिटाला श्वास मिनिटाला ३८ वर गेले, कपाळावर घाम आला, आम्ही थांबवलं आणि मदत परत पूर्ववत केली. मुलगा बाहेर जाऊन सांगून आला की सगळं संपलं. सातव्या दिवशी तेच वडील तीस मिनिटं २४-२५ श्वासांवर शांत राहिले, सांगितल्यावर मान उचलली, जोरात खोकले, आणि दुपारी नळी निघाली. आवाज पुढचे काही दिवस घोगरा होता.

प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. आकडा ४५ वरून परत ७० वर गेलेलेही पेशंट असतात. नवा जंतुसंसर्ग, फुफ्फुसाभोवती हवा किंवा पाणी जमणं, बीपी पडणं, अशी कारणं निघतात. व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. अँटिबायोटिकला आणि शरीराला काम करायला तो वेळ मिळवून देतो. तो वेळ पुरेसा ठरेल का, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि सांगितलं तर ती फसवणूक होईल. पण तुम्ही रोज एकाच वेळेला तो एक आकडा विचारला आणि लिहून ठेवला, तर दोन-तीन दिवसांत दिशा तुम्हालाच दिसेल. बाहेर सांगायचं वाक्यही त्यातूनच मिळेल: "काल ५५ लागत होता, आज ५० वर आहेत." त्यापुढे अंदाज जोडू नका. बाहेरच्या माणसांना अंदाजच जास्त लक्षात राहतो.

खरा गंभीर अलार्म कसा ओळखायचा, हेही तुमच्या मनात असणार. आवाजावरून ओळखायला जाऊ नका, वेगवेगळ्या यंत्रांचे सूर वेगळे असतात. माणसांकडे बघा. एक सिस्टर येते, पेशंटकडे बघते, काहीतरी करते आणि चालत निघून जाते, तेव्हा ते रोजचं काम आहे. दोन-तीन जणं धावत येतात, पडदा ओढतात, कोणी नळीला हाताने दाबायची पिशवी जोडतं, कोणी डॉक्टरांना हाक मारतं, तेव्हा ते गंभीर आहे. त्या वेळी प्रश्न न विचारता दोन पावलं मागे या. तुम्हाला बाहेर थांबायला सांगतील, ते हातांना जागा हवी म्हणून. नंतर कोणीतरी येऊन सांगेलच. नाही आलं तर पंधरा-वीस मिनिटांनी दारावर जाऊन विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आज आत गेल्यावर एक करा. बाबांच्या नजरेसमोर येईल अशा बाजूला उभ्या राहा, हाताला स्पर्श करून आधी तुमचं नाव सांगा, मग आज कोणता वार आहे आणि ते कुठे आहेत ते सांगा. त्यांना सांगा की तोंडात श्वासासाठी नळी आहे, म्हणून बोलता येत नाहीये, आणि नळी निघाली की आवाज परत येणार आहे. हे शेवटचं जरूर सांगा. जागे होऊ लागलेल्या पेशंटला वाटत असतं की आपली वाचा गेली, आणि ते कोणी त्याला समजावून सांगत नाही. प्रश्न विचारायचा तर असा की मान हलवून हो-नाही म्हणता येईल. डोळ्यांतून पाणी आलं तर पुसा. ते दर वेळी रडणंच असतं असं नाही, खोकल्याने आणि डोळ्यांत घातलेल्या मलमानेही येतं. पण रडणं असलं तरी पुसायचंच आहे.

आणि बाबांना चष्मा किंवा कानाचं यंत्र लागत असेल तर ते आजच नावाची चिठ्ठी लावून सिस्टरकडे द्या, आणि औषध उतरवायच्या आधी लावायला सांगा. दिसलं आणि ऐकू आलं तर जागं होताना माणूस कमी घाबरतो.